आलेखाच्या सर्वांत जवळ आलेलं रीडिंग

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाचं प्रयोगाचं जर्नल तपासताना मी एका वाक्यापाशी थांबले. पाइपमधल्या घर्षणाचा प्रयोग होता. गटाने तीन रीडिंग घेतली होती, प्रत्येकावरून घर्षण गुणांक काढला होता आणि तो पाइपमधल्या घर्षणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मूडीच्या आलेखावरच्या किमतीशी ताडून पाहिला होता. पहिल्या रीडिंगमध्ये गुणांक आलेखापेक्षा २९ टक्के कमी आला, दुसऱ्यात २३ टक्के आणि तिसऱ्यात फक्त ८ टक्के. चर्चेच्या भागात त्यांनी लिहिलं होतं: ‘कमी प्रवाहाला निरीक्षणातील त्रुटी कमी होते, त्यामुळे तिसरे रीडिंग सर्वांत अचूक आहे.’

प्रत्यक्षात तिसरं रीडिंग तिन्हींमध्ये सर्वांत बिघडलेलं होतं. हे कसं कळलं, ते सविस्तर सांगते.

प्रयोगाची मांडणी साधी आहे. अर्ध्या इंची जीआय पाइपमधून, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपमधून, पंपाने पाणी सोडायचं. पाइपवर दोन मीटर अंतराने दोन बारीक छिद्रं असतात. त्यांना जोडलेल्या नळ्या पाऱ्याच्या मॅनोमीटरकडे जातात. पाइपच्या भिंतीशी घासत जाताना पाण्याचा दाब कमी होतो आणि हा दाबातला फरक मॅनोमीटरच्या दोन बाजूंच्या पाऱ्याच्या उंचीतल्या फरकातून दिसतो. पाऱ्यातला एक मिलिमीटर फरक म्हणजे पाण्याचा १२.६ मिलिमीटर. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो, पण त्याच्या वर दोन्हीकडे पाणीच असतं, म्हणून एक वजा होतो. पाइपमधून बाहेर पडलेलं पाणी ४० सेंमी लांब आणि ४० सेंमी रुंद टाकीत जमा होतं. ते १० सेंमी चढायला किती सेकंद लागले, त्यावरून प्रवाह काढायचा. मग डार्सी-वाइसबाख सूत्र:

`h = f L V² / (2 g D)`

यात `h` म्हणजे घर्षणाने गमावलेली पाण्याची उंची, `L` छिद्रांमधलं अंतर, `V` वेग, `D` पाइपचा आतला व्यास, `g` गुरुत्वीय त्वरण आणि `f` म्हणजे आपल्याला हवा असलेला घर्षण गुणांक.

गटाची रीडिंग अशी होती. टाकी भरायला ४० सेकंद लागले तेव्हा पाऱ्यातला फरक ७८ मिमी होता, ८० सेकंदांना २२ मिमी आणि १६० सेकंदांना ७ मिमी. त्यांनी व्यास १५ मिमी धरला. त्यावरून `f` अनुक्रमे ०.०२८, ०.०३२ आणि ०.०४१ आला. आलेखावरच्या किमती ०.०४०, ०.०४१ आणि ०.०४४ होत्या.

बहुतेक जर्नलांमध्ये अशा वेळी ठरलेली कारणं लिहिलेली असतात: स्टॉपवॉच दाबायला उशीर झाला, पाण्याचं तापमान बदललं, निरीक्षकाची चूक झाली. ही कारणं खोटी नसतात, पण ती किती मोठी आहेत हे मोजून पाहायला हवं. ४० सेकंदांत पाव सेकंदाची चूक झाली तर प्रवाह सुमारे ०.६ टक्क्याने चुकतो. सूत्रात वेगाचा वर्ग असल्याने `f` मध्ये ती चूक दुप्पट होते, म्हणजे सव्वा टक्का. पाणी पाच अंशांनी गार किंवा गरम निघालं तर त्याची चिकटाई साधारण दहा टक्क्यांनी बदलते, पण अशा खडबडीत पाइपसाठी आलेखावरची किंमत त्याने अर्ध्या ते सव्वा टक्क्यानेच हलते. अशी किरकोळ कारणं कितीही जोडली तरी २९ टक्क्यांचा हिशेब लागत नाही.

म्हणून मी गटाला टक्केवारी बाजूला ठेवायला सांगितलं आणि वेगळी गोष्ट पाहायला लावली: मोजलेला `f` भागिले आलेखावरचा `f`, हे गुणोत्तर प्रवाहाबरोबर कसं बदलतं? प्रत्येक चुकीची स्वतःची एक चाल असते. व्यास किंवा छिद्रांमधलं अंतर चुकीचं धरलं असेल, तर सगळी रीडिंग जवळपास एकाच पटीत चुकतात. मॅनोमीटरचं शून्य सरकलं असेल, तर मोठ्या रीडिंगला त्याचा उपद्रव नगण्य असतो आणि लहान रीडिंग मात्र पार बिघडतं. गुणोत्तर सगळीकडे पाव येत असेल तर प्रयोगात काहीच चुकलेलं नसतं. फॅनिंगचा गुणांक आणि डार्सीचा गुणांक यांची गल्लत झालेली असते, कारण पहिला दुसऱ्याच्या एक चतुर्थांश असतो. (आलेख हाती घेतल्यावर संथ प्रवाहाची सरळ रेषा `64/Re` आहे की `16/Re`, हे आधी पाहावं. यात `Re` म्हणजे रेनॉल्ड्स अंक. पहिली असेल तर आलेख डार्सीचा.)

या गटाची गुणोत्तरं ०.७१, ०.७७ आणि ०.९२ होती. ती एका पटीत नव्हती आणि नुसत्या सरकलेल्या शून्याचीही नव्हती, कारण शून्यच सरकलं असतं तर सर्वांत मोठ्या प्रवाहाला गुणोत्तर एकच्या जवळ आलं असतं. इथे ते तिथेच सर्वांत दूर होतं. म्हणजे दोन चुका एकमेकींत मिसळल्या असाव्यात.

पहिला संशय व्यासावर गेला. ‘अर्धा इंची’ किंवा ‘१५ मिमी’ हे जीआय पाइपचं नाव आहे, माप नव्हे. या पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मिमी असतो आणि आतला व्यास भिंतीच्या जाडीवर ठरतो. मध्यम वर्गाच्या पाइपची भिंत २.६ मिमी असते, म्हणजे आत उरतात १६.१ मिमी. त्याच लॉटमधला एक मीटरचा तुकडा स्टोअरमध्ये पडून होता. त्याचं एक टोक बुचाने बंद करून तो पाण्याने भरला आणि पाणी वजन करून पाहिलं. १५ मिमी व्यास असता तर १७७ ग्रॅम पाणी मावलं असतं, पण भरलं २०४ ग्रॅम. व्हर्नियरपेक्षा मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटते. व्हर्नियर कापलेल्या टोकाशी मोजतो आणि तिथे आत वळलेली कड असते, तर पाण्याचं वजन अख्ख्या लांबीचा सरासरी व्यास देतं.

एक मिमीच्या फरकाने असं काय बिघडतं? मोजलेल्या प्रवाहावरून वेग काढताना क्षेत्रफळाने भागावं लागतं, म्हणजे व्यासाच्या वर्गाने. सूत्रात वेगाचा पुन्हा वर्ग आहे, म्हणून व्यासाचा चौथा घात झाला. आणखी एक `D` सूत्रात आधीच आहे. अशा रीतीने मोजलेला `f` व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलतो. १६.१ भागिले १५ म्हणजे १.०७३, आणि त्याचा पाचवा घात १.४२. व्यासात सात टक्के चूक केली की गुणांकात बेचाळीस टक्क्यांचा फरक पडतो. संपूर्ण प्रयोगात इतकी नाजूक दुसरी राशी नाही, आणि नेमकी तीच न मोजता पाटीवरून लिहून घेतली जाते.

व्यास सुधारल्यावर `f` आला ०.०४०, ०.०४५ आणि ०.०५८. नव्या व्यासाला आलेखावरच्या किमती ०.०३९, ०.०४१ आणि ०.०४४. गुणोत्तरं झाली १.०३, १.११ आणि १.३२. ज्या तिसऱ्या रीडिंगला गटाने सर्वांत अचूक म्हटलं होतं, ते आता बत्तीस टक्क्यांनी वर गेलं. त्याचबरोबर दुसऱ्या चुकीची चाल उघडी पडली: प्रवाह जितका कमी, तितका `f` जास्त फुगलेला. ही सरकलेल्या शून्याचीच खूण.

ते तपासायला मिनिटभर पुरतं. पंप चालू ठेवून पाइपच्या शेवटचा व्हॉल्व्ह बंद केला. प्रवाह थांबला की घर्षणही थांबतं, त्यामुळे पारा दोन्हीकडे समपातळीत यायला हवा होता. तो दोन मिलिमीटर वर-खाली राहिला. मॅनोमीटर पाइपच्या खाली बसवलेला होता. खालच्या प्रवाहाकडच्या छिद्रातून उतरणाऱ्या पारदर्शक नळीच्या उभ्या भागात हवेचा एक बुडबुडा अडकलेला दिसला, साधारण अडीच सेंटिमीटर उंच. तिथे पाण्याऐवजी हवा असल्याने त्या बाजूला २५ मिमी पाण्याचं वजन कमी पडत होतं, आणि २५ भागिले १२.६ म्हणजे बरोबर दोन मिमी पारा. वरच्या बारीक कॉकमधून हवा काढून टाकल्यावर पारा सारखा झाला.

तिन्ही रीडिंगमधून दोन मिमी वजा केल्यावर ७६, २० आणि ५ मिमी उरले. `f` झाला ०.०३९, ०.०४१ आणि ०.०४१, तर आलेखावर ०.०३९, ०.०४१ आणि ०.०४४. जर्नलातल्या आठ टक्क्यांचा उलगडा इथे झाला. चुकीच्या व्यासाने `f` तीस टक्क्यांनी खाली ओढला होता, आणि सात मिमीच्या रीडिंगमध्ये हवेमुळे आलेल्या दोन मिमीने तो चाळीस टक्क्यांनी वर उचलला होता.

पहिली दोन रीडिंग इतकी छान जुळली म्हणून मुलं खूश झाली. मला मात्र त्यांना आणखी एक गोष्ट सांगावी लागली, कारण ती चर्चेत हमखास सुटते: आलेख हीसुद्धा मोजलेलीच वस्तू आहे. निकुराड्झेने १९३३ साली आतून वाळूचे कण चिकटवलेल्या पाइपांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बाजारात मिळणाऱ्या पाइपांचा खडबडीतपणा तसा एकसारखा नसतो. त्यांच्यासाठी कोलब्रुकने १९३९ मध्ये सूत्र दिलं आणि १९४४ मध्ये मूडीने त्याचा आलेख काढला. या पद्धतीने फार बारीक अचूकता मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, असं मूडीनेच स्पष्ट केलं होतं. आलेख वाचताना जीआय पाइपच्या खडबडीतपणासाठी ०.१५ मिमी हा आकडा पुस्तकातून घेतला जातो. आपला पाइप तेवढाच खडबडीत आहे हे कोणी मोजलेलं नसतं. तो आकडा ०.१२ धरला, तर पहिल्या रीडिंगसाठी आलेखावरची किंमत ०.०३९ वरून ०.०३७ वर येते. वापरातल्या पाइपमध्ये गंज चढला तर खडबडीतपणा वाढतो आणि आतला व्यासही घटतो, मग स्टोअरमधल्या कोऱ्या तुकड्यावर केलेलं माप लागू पडत नाही. आमचा पाइप त्याच वर्षी बसवलेला होता, म्हणून ते चाललं. त्यामुळे अहवालात ‘आलेखाशी तंतोतंत जुळले’ असं न लिहिता ‘आलेखाच्या स्वतःच्या अनिश्चिततेच्या आत जुळले’ असं मी लिहून घेतलं.

राहिलं तिसरं रीडिंग. सुधारणेनंतर ते आलेखापेक्षा सहा टक्क्यांनी खाली आलं होतं, पण त्या सहा टक्क्यांना अर्थ नव्हता. पाऱ्याची प्रत्येक बाजू डोळ्यांनी अर्ध्या मिमीपर्यंतच वाचता येते. दोन्ही मिळून एक मिमीची शंका, आणि एकूण फरक फक्त पाच मिमी. म्हणजे अनिश्चितता वीस टक्के.

पुढच्या आठवड्यात गटाने त्याच प्रवाहासाठी पाऱ्याऐवजी उलटा यू-नळीचा मॅनोमीटर जोडला. त्यात पाण्याच्या वर हवा असते, त्यामुळे फरक थेट पाण्याच्या मिलिमीटरमध्ये वाचता येतो. या वेळी आधी व्हॉल्व्ह बंद करून शून्य पाहिलं, मग टाकी भरायला १६० सेकंद लागतील असा प्रवाह बसवला. फरक आला ६६ मिमी आणि `f` ०.०४३.