केबल सैल बसतेय? पोर्ट बदलायला सांगण्याआधी हे वाचा

“चार्जिंगचा पोर्ट गेलाय, बदलून द्या,” असं सांगत जे फोन आमच्या टेबलावर येतात, त्यातल्या बऱ्याच फोनांचा पोर्ट गेलेला नसतो. तो खिशातल्या कचऱ्याने भरलेला असतो. रोज तेच समजावून सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढलं.

फोन खिशात ठेवताना पोर्टचं तोंड बहुतेक वेळा खाली असतं. खिशाच्या शिवणीतली सुतं, कापडाची लव, धूळ त्यात शिरते. नुसती शिरली असती तर पडूनही गेली असती. पण आपण रोज केबल लावतो आणि केबलचं टोक ठासणीसारखं काम करतं. दर वेळी तो कचरा थोडा आत, थोडा घट्ट. काही महिन्यांत तळाशी नमद्यासारखा दाबलेला थर तयार होतो आणि टॉर्च मारली तरी तो पोर्टचा तळच वाटतो. “आत बघितलं, काही नाही,” असं ग्राहक सांगतात ते खोटं नसतं.

आता केबल सैल का होते ते. टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ पट्टी असते, पाऊण मिलीमीटरसुद्धा जाड नसते. तिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा संपर्क असतात. केबलच्या टोकात आतल्या बाजूला दोन छोट्या स्प्रिंगच्या पकडी असतात, त्या या पट्टीच्या कडांच्या खाचांत जाऊन बसतात. आपल्याला जो ‘टक्’ जाणवतो तो त्यांचा. तळाशी थर असला की टोक थोडंसं अलीकडेच थांबतं, पकडी खाचेपर्यंत पोचत नाहीत आणि केबल लोंबकळते. फोन उशीवर एका विशिष्ट कोनात ठेवला तरच चार्ज होतो, हात लागला की चार्जिंग तुटतं, हे सगळं त्यामुळेच. कधीकधी केबल एका बाजूने लावली तर चालते आणि उलटी केली की चालत नाही. तेव्हा पट्टीच्या एका अंगावरचे संपर्क झाकले गेलेत का, हे आधी बघायचं.

घरी ओळखायची रीत सोपी. आधी कव्हर काढा. जाड कव्हरही केबलला अडवतं, आणि नुसतं कव्हर काढून आनंदाने परत गेलेले ग्राहक आम्ही पाहिलेत. मग तीच केबल तसाच पोर्ट असलेल्या दुसऱ्या फोनला लावा. तिथे टक् करून घट्ट बसली, आणि तुमच्या फोनला मात्र धातूची चकचकीत कड बाहेर राहिली, तर पोर्टात कचरा आहे. दोन्हीकडे सैल असेल तर केबल गेली. टाइप-सीमध्ये झिजणाऱ्या स्प्रिंगा मुद्दाम केबलच्या टोकात दिल्यात, म्हणजे स्वस्त वस्तू आधी झिजावी. म्हणून केबलवर संशय आधी घ्यावा, पोर्टवर नंतर.

आता ज्या चुकीसाठी हे पत्रक काढलं, ती. कृपा करून पोर्टात टाचणी, सेफ्टी पिन, सुई किंवा सिम काढायची पिन घालू नका. दोन शेजारच्या संपर्कांत मध्यापासून मध्यापर्यंत अर्ध्या मिलीमीटरचं अंतर असतं. धातूचं टोक त्यांच्यावरचा सोन्याचा मुलामा खरवडतं, दोन संपर्क एकमेकांना जोडू शकतं, आणि जरा जोर लागला की मधली पट्टीच मोडते. कचऱ्याचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. पट्टी मोडली की पोर्ट बदलावाच लागतो. काही फोनांत तो वेगळ्या छोट्या बोर्डवर असतो, काहींत मुख्य बोर्डला डाग देऊन बसवलेला, आणि मग फोन आमच्याकडे राहतो. तोंडाने फुंकरही मारू नका. थर हलत नाही, वाफ मात्र आत जाते.

स्वतः साफ करायचं असेल तर चार्जर काढा, फोन पूर्ण बंद करा आणि दात कोरायची लाकडी काडी घ्या. ती आहे तशी चालत नाही. पट्टी आणि पोर्टची भिंत यांच्यात जेमतेम एक मिलीमीटरची फट असते आणि काडी त्याच्या दुप्पट जाड. म्हणून तिचं टोक ब्लेडने दोन्ही बाजूंनी तासून चपटं, साधारण अर्धा मिलीमीटर करा. पोर्टचं तोंड खाली धरा. काडी भिंतीला चिकटवून, पट्टीपासून लांब, आधी दोन्ही टोकांच्या गोलाकार कोपऱ्यांत न्या. कचरा तिथेच जास्त दडतो आणि तिथे पट्टीला धक्का लागण्याची भीती कमी. तळाला टेकली की खाली दाबायचं नाही, कड उचकटून बाहेर ओढायचं. थर बहुधा अख्खा सुटत नाही, दोन-तीन तुकड्यांत येतो. शेवटी कोरडा मऊ ब्रश फिरवा. सॅनिटायझर, अत्तर, तेल काहीही घालू नका.

परवाचंच उदाहरण. ग्राहकाने दोन नव्या केबली घेऊन पाहिल्या होत्या, जुनीसकट तिन्ही सैल. आम्ही आमची केबल लावली, तीही सैल, जवळजवळ एक मिलीमीटर धातू बाहेर. डाव्या कोपऱ्यातून निळसर करड्या रंगाचा, मसुरीच्या डाळीहून लहान गोळा आला. पँट कुठल्या रंगाची, ते विचारावं लागलं नाही. केबल लावून पाहिली, थोडी आत गेली पण टक् नाही. इथेच लोक थांबतात. उजव्या कोपऱ्यातून आणखी एक पातळ चकती निघाली आणि मग टक् झालं. ‘टक्’ येईपर्यंत काम संपलं असं समजू नये.

काही वेळा मात्र हात लावू नका: संपर्कांवर हिरवट किंवा काळा डाग, जळका वास, हलणारी पट्टी, किंवा काडीचं टोकच आत तुटलेलं. आणि केबल टक् करून घट्ट बसत असूनही चार्जिंग तुटत असेल, तर कचऱ्याचा विषय संपला, फोन उघडून बघावा लागेल.

आम्ही साफसफाईचे पैसे का घेतो, असंही विचारतात. आम्ही ती भिंगाखाली करतो, मग दोन वेगवेगळ्या केबली दोन्ही बाजूंनी लावून दाखवतो. साफ करून भागलं तर पोर्ट बदलत नाही, त्यात आमचंच मोठं काम जातं, पण तोच ग्राहक पुढच्या वेळीही आमच्याकडे येतो. येताना तुमची रोजची केबल आणि चार्जर बरोबर आणा. आत आधी काही घातलं असेल तर तेही सांगा. रागावणार नाही, फक्त भिंगाखाली आधी काय शोधायचं ते कळतं.