कंपनी बुडाली तर मालकाचं घर का वाचतं?

'प्रायव्हेट लिमिटेड' मधलं लिमिटेड म्हणजे नक्की काय लिमिटेड, हे नीट कळायला हवं असेल तर आधी ते नसताना काय व्हायचं ते बघा.

१८७८ च्या ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडची सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. ब्रिटनमध्ये लिमिटेड लायबिलिटीचा कायदा १८५५ मध्येच आला होता, पण ही बँक अनलिमिटेडच राहिली होती, म्हणजे बँकेचं देणं फिटेपर्यंत भागधारकांच्या घरादारावर हात घालता यायचा. १०० पाउंडाच्या शेअरमागे आधी ५०० पाउंड मागितले, तेवढ्याने भागेना म्हणून वर अजून २२५०. १८१९ भागधारकांपैकी जेमतेम २५४ जण दिवाळं न निघता उरले. आणि मला सगळ्यात वाईट वाटतं ते दुसऱ्याच्या पोराबाळांसाठी ट्रस्टी म्हणून शेअर सांभाळणाऱ्या लोकांचं, त्यांच्याकडूनही वैयक्तिक वसुली झाली.

आता दुसरी गोष्ट. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ॲरन सॉलोमन नावाचा बूट बनवणारा होता, धंदा चांगला चाललेला. १८९२ मध्ये त्याने तो धंदा स्वतःच्याच नव्या कंपनीला विकला. कायद्याला सात सभासद लागायचे, म्हणून बायको, मुलगी आणि चार मुलगे यांना एकेक शेअर दिला आणि २०,००१ शेअर स्वतःकडे ठेवले. विक्रीच्या किमतीपैकी १०,००० पाउंडांचे डिबेंचर घेतले, म्हणजे कंपनीच्या मालमत्तेवर तारण असलेलं कर्ज, त्यामुळे कंपनीकडून येणं असलेल्यांमध्ये तो इतरांच्या पुढे आला. पुढे धंदा बसला, कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, आणि उधारीवर माल देणाऱ्यांच्या हाती काहीच लागेना. हे काम बघणारा लिक्विडेटर म्हणाला, कंपनी नुसती नावाला आहे, खरा मालक सॉलोमनच, त्याच्याकडून वसूल करा. खालच्या दोन्ही कोर्टांनी ते मान्य केलं!

पण हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, १८९६ मध्ये ते उलटवलं. त्यांचं म्हणणं, रीतसर नोंदणी झाली की कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती, कर्ज तिचं, सॉलोमनचं नाही, मग बाकीचे शेअर घरच्याच माणसांकडे असोत. शेअरचे पूर्ण पैसे भरलेत ना, मग भागधारकाकडून पुढे काही मागता येत नाही. सॉलोमनचे शेअर मात्र मातीमोल झाले, गुंतवलेलं ते गेलंच.

आपल्याकडेही कोर्टं हेच तत्त्व धरतात, मुख्यतः फसवणुकीसारखं काही दिसलं तर कंपनीचा पडदा बाजूला सारून मागच्या मालकापर्यंत पोचतात. पण छोट्या कंपनीच्या मालकाची बचत जाते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच वाटेने. बँक कर्ज देताना डायरेक्टरकडून पर्सनल गॅरंटीवर सही घेते, आणि भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. म्हणजे माल देणारा व्यापारी तुमच्या एफडीपर्यंत पोचू शकत नाही, पण बँक पोचते, कारण तो कागद तुम्ही कंपनीच्या नावाने नाही तर स्वतःच्या नावाने सही केलेला असतो.