वरचं चढलं, खालचं उतरलं, मधलं जागेवरच

बाबांचा फोन आला तेव्हा मी दादरच्या पुलावर गर्दीत अडकले होते. "एकशे बासष्ट, सहासष्ट," त्यांनी क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा रक्तदाब सांगितला. "वरचं जास्त, खालचं कमी. म्हणजे सगळं मिळून बरोबर झालं ना?" मागून शेजारच्या काकांचा आवाज आला, "खालचं एवढं उतरलंय, तर गोळी अर्धी करा की!"

मी पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. बाबांचा प्रश्न परीक्षेत घालावा इतका चांगला आहे. त्याचं अर्धं उत्तर "हो, बरोबर झालं" असंच आहे. घोटाळा आहे तो उरलेल्या अर्ध्यात.

त्या रविवारी मी लालबागला गेले. बाबा एकही कागद टाकून देत नाहीत. पलंगाखालच्या ट्रंकेत विम्यासाठी केलेल्या तपासणीचा पिवळा पडलेला कागद निघाला. तेव्हा ते 42 वर्षांचे होते आणि रक्तदाब होता 126/84. आता वय 76 आणि रक्तदाब 162/66. एकाच माणसाचे, चौतीस वर्षांच्या अंतराने घेतलेले हे दोन आकडे शेजारी ठेवून हिशेब करू.

वरच्या आकड्यातून खालचा वजा केला की येतो नाडीदाब, म्हणजे प्रत्येक ठोक्याला दाब किती चढतो-उतरतो ते. तेव्हा तो 42 होता, आता 96 आहे. दुपटीहून जास्त. सरासरी दाब काढताना मात्र दोन आकड्यांची बेरीज करून अर्धं करायचं नसतं. मिनिटाला 70 ठोके असतील तर एका ठोक्याला साधारण 0.86 सेकंद मिळतात. त्यातले 0.3 सेकंद हृदय रक्त बाहेर ढकलतं, उरलेला वेळ ते स्वतः भरत असतं. दाब जास्त वेळ खालच्या बाजूला असतो, म्हणून खालच्या आकड्यात नाडीदाबाचा एक तृतीयांश मिळवतात. तेव्हाचा सरासरी दाब 84 अधिक 14, म्हणजे 98. आजचा 66 अधिक 32, म्हणजे पुन्हा 98!

बाबा खूश झाले. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

म्हटलं होतं खरं. सरासरी दाब दोनच गोष्टींवर ठरतो: हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं, आणि टोकाकडच्या बारीक धमन्या त्याला किती अडवतात. मोठ्या धमन्या मऊ आहेत की ताठ, याच्याशी त्या सरासरीचं थेट देणंघेणं नाही. ताठरपणा दिसतो तो दाब सरासरीच्या वर-खाली किती हेलकावतो त्यात.

हे बाबांना समजवायला फळा लागला नाही, कोपऱ्यात पेटी होती. ते दर गुरुवारी मंडळाच्या भजनात पेटी वाजवतात. पेटीचा बाहेरचा भाता हाताने मारायचा असतो. हात पुढे गेला की हवा आत जाते, मागे आला की काहीच जात नाही. तरी सूर तुटत नाही, कारण आत स्प्रिंगवर बसवलेला दुसरा भाता असतो. हात मारला की तो फुगून हवा साठवतो आणि हात मागे येत असताना तीच हवा सुरांकडे ढकलत राहतो. मधली झडप हवा मागे जाऊ देत नाही.

बाहेरचा भाता म्हणजे हृदय, झडप म्हणजे महाधमनीच्या तोंडावरची झडप, सूर म्हणजे बारीक धमन्या आणि आतला भाता म्हणजे खुद्द महाधमनी व तिच्या मोठ्या फांद्या. एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. त्यातलं जवळपास निम्मं लगेच पुढे जात नाही. ते महाधमनीच्या फुगलेल्या भिंतींत क्षणभर थांबतं आणि हृदय भरत असताना भिंती आकसून त्याला पुढे लोटतात. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने 1733 साली महाधमनीची तुलना त्या काळच्या आगीच्या बंबातल्या हवेच्या कोठीशी केली होती. पंपाचे झटके ती कोठी गिळायची आणि नळातून सलग धार यायची. मला पेटी जास्त पटते, पण त्याने लालबागचं भजन ऐकलं नव्हतं.

बाबांची पेटी मध्यंतरी दुरुस्तीला गेली होती. आतल्या भात्याच्या घड्यांवरचं कातडं वाळून कडक झालं होतं. तक्रार काय होती, हे बाबांनीच सांगितलं: "हात मारला की सूर किंचाळायचा, हात मागे आला की मरायचा." हवा मिनिटाला तेवढीच जात होती आणि सूरही तेच होते, म्हणजे सरासरी दाब तोच. झटके मात्र थेट सुरांपर्यंत पोचत होते. 162/66 म्हणजे नेमकं हेच.

भाता किती सहज फुगतो याला शरीरक्रियाशास्त्रात कॉम्प्लायन्स म्हणतात: दाब एक मिलिमीटर पारा वाढवला की धमन्या किती जास्त रक्त सामावतात. ढोबळ अंदाज सोपा आहे, एका ठोक्याचं रक्त भागिले नाडीदाब. बाबांच्या तरुणपणी 70 भागिले 42, म्हणजे 1.67 मिलिलिटर. आज 70 भागिले 96, म्हणजे 0.73. हिशेब ढोबळ अशासाठी की ठोका चालू असतानाही काही रक्त पुढे निसटतं आणि आपण ते धरलेलं नाही. तरी निष्कर्ष टिकतो: क्षमता निम्म्याहून खाली आली आहे.

आता दोन्ही आकडे कळतात. सामावून घेणारी भिंत नाही, म्हणून तेवढंच रक्त शिरताना दाब उंच उसळतो. साठाच कमी झाला, म्हणून हृदय भरत असताना मागून लोटायला फारसं काही उरत नाही आणि दाब झरझर उतरतो. म्हणजे म्हातारपणी खालचा आकडा उतरणं ही सुधारणा नसून त्याच ताठरपणाची दुसरी बाजू असते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात लोकांचा रक्तदाब वर्षानुवर्षं नोंदवला गेला, त्यातही हेच दिसलं. वरचा आकडा वयाबरोबर चढत राहतो, खालचा पन्नाशी-साठीपर्यंत चढतो आणि मग उतरू लागतो.

कातडं वाळतं तसं धमनीत काय होतं? भिंतीत इलॅस्टिनचे रबरासारखे तंतू असतात. ते बहुतेक सगळे जन्माआधी आणि बालपणी तयार होतात, पुढे नव्याने जवळपास बनत नाहीत. मिनिटाला 70 ठोके धरले तर वर्षाला सुमारे 3 कोटी 68 लाख वेळा ते ताणले जातात. बाबांच्या वयापर्यंत हा आकडा अडीचशे कोटींच्या वर जातो. तंतू तुटतात, विरतात, मध्ये कॅल्शियम साचतं आणि ताण कोलॅजेनवर येतो, जे दोरखंडासारखं चिवट असतं पण फारसं ताणत नाही. मधुमेहात साखरेमुळे कोलॅजेनचे धागे एकमेकांना चिकटतात आणि हे लवकर घडतं. कोलेस्टेरॉल साचून नळी अरुंद होणं ही वेगळी गोष्ट आहे. इथे नळी अरुंद होत नाही, महाधमनी तर वयाबरोबर थोडी रुंदच होते.

"पण मधला आकडा तोच आहे तर बिघडलं काय?" बाबांनी पेटीवर बोट ठेवत विचारलं.

पहिलं म्हणजे हृदयाला आता प्रत्येक ठोका 162 च्या दाबाविरुद्ध मारावा लागतो. हातगाडी ओढणाऱ्याच्या दंडासारखा त्याचा स्नायू जाड होतो, आणि जाड स्नायूला जास्त रक्त लागतं. आता गंमत बघा. डाव्या हृदयाचा स्नायू आवळलेला असताना त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, म्हणून त्याचं स्वतःचं रक्त मुख्यतः तो सैल पडल्यावर येतं, म्हणजे दाब खालच्या आकड्याकडे झुकलेला असताना. मागणी वरच्या आकड्याने वाढवली आणि पुरवठा खालच्याने कमी केला. सरासरी मात्र दिसते निर्दोष! शिवाय मेंदू आणि मूत्रपिंड यांच्या वाहिन्या रक्ताला फार अडवत नाहीत, त्यामुळे वर गिळला न गेलेला झटका तिथल्या बारीक वाहिन्यांपर्यंत जाऊन आदळतो.

रुंद नाडीदाब दिसला की धमन्या ताठच, असं मात्र नाही. भागाकारात दोन आकडे आहेत. ठोक्याला 70 च्या जागी 110 मिलिलिटर रक्त जात असेल तर मऊ धमन्यांतही फरक रुंदावतो. रक्तक्षय, थायरॉइडचा अतिरेक, ताप यांत तसं होतं. महाधमनीची झडप गळत असेल तर रक्त मागेही येतं आणि खालचा आकडा फारच कोसळतो. म्हणून डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, रक्त तपासायला सांगतात. बाबांचं यातलं काही निघालं नव्हतं.

घरच्या मशीनबद्दलही एक सांगायला हवं. दंडाचा पट्टा सैल होत जाताना ते त्यातली थरथर मोजतं. थरथर सर्वांत जोरात होते ती सरासरी दाबाच्या आसपास. म्हणजे मशीनला थेट सापडतो तो मधला आकडा, आणि वरचा-खालचा ते थरथरीच्या चढ-उतारावरून गणिताने काढतं. मग पडद्यावर ते दोनच दाखवतं! धमन्या ताठ असल्या की त्या थरथरीचा आकार बदलतो आणि अंदाज चुकू शकतो. डॉक्टरांकडे स्टेथोस्कोपने एकदा पडताळून घेतलेलं बरं. आम्ही घेतलं, फरक चार-पाचचाच निघाला.

आता काकांची अर्धी गोळी. इलॅस्टिन परत आणणारं औषध नाही. गोळी बारीक धमन्या सैल करते किंवा शरीरातलं मीठ-पाणी कमी करते, म्हणजे हात घालते तो सरासरीला. मग खालचा आकडा आणखी कोसळणार, अशी भीती पूर्वी डॉक्टरांनाही वाटायची. 1991 साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. साठीपुढच्या 4,736 जणांपैकी सगळ्यांचा वरचा आकडा चढलेला आणि खालचा नव्वदच्या आत होता. त्यात औषध घेणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण 36 टक्क्यांनी कमी झालं.

हे जमतं कसं, ते इथे पेटी सोडल्यावरच कळतं. धमनी कमी ताणलेली असताना भार उरल्यासुरल्या इलॅस्टिनवर असतो, जास्त ताणली की कोलॅजेनवर जातो. सरासरी दाब उतरवला की तीच म्हातारी भिंत थोडी मऊ वागू लागते. त्यामुळे वरचा आकडा भरपूर उतरतो आणि खालचा थोडासाच.

डॉक्टरांनी बाबांची गोळी अर्धी न करता आणखी एक जोडली. दोन महिन्यांनी आकडे आले 140/62. सरासरी 88, म्हणजे दहाने खाली. वरचा बावीसने उतरला, खालचा चारनेच. आता बाबांनी सकाळी उठून उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं आहे. ताठ धमन्यांच्या म्हाताऱ्या माणसाला उभं राहताना वरचा आकडा वीसने पडला तर चक्कर येऊ शकते, आणि मग गोळीची वेळ किंवा मात्रा बदलावी लागू शकते. वहीत त्यांनी तिसरा रकाना आखला आहे, मधल्या आकड्याचा. काका विचारतात तेव्हा ते त्यांना एक तृतीयांशाचा हिशेब शिकवतात.