रिकाम्या संदेशाचा प्रश्न

ग्राहकांना फोन-चॅटवर मदत करण्याच्या, म्हणजे सपोर्टच्या नोकरीसाठी मुलाखतीत विचारला जाणारा प्रश्न. ग्राहकाच्या पहिल्या संदेशात ‘हॅलो’, ‘सर’ किंवा नुसते जोडलेले हात असतात, अडचण काय ते नसते. त्यावर उमेदवार काय लिहितो, हे पाहिले जाते.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांना बिलांचे सॉफ्टवेअर देणारे एक कार्यालय समजा. उमेदवारापुढे स्क्रीन ठेवतात. सकाळी ९.४० ला एका अडत्याचा संदेश आलाय : ‘सर’. खाली परवाची तक्रार दिसते, बिलाची प्रिंट अर्धीच येते. ‘काय कराल?’ असे विचारले की पाठ केलेले उत्तर मिळते, म्हणून ‘टाइप करा’ असेच सांगावे.

बहुतेक जण ‘बोला सर’ लिहितात. पहिले उत्तर किती मिनिटांत गेले, ही नोंद त्याने झकास दिसते, पण अडचण अजून कळलेली नसते. काही जण व्हर्जन, प्रिंटर, बिल नंबर असे पाच प्रश्न एकदम टाकतात. सौद्याच्या गडबडीतला माणूस त्यांतल्या एकालाही उत्तर देत नाही. हुशार उमेदवाराची चूक वेगळी असते : जुनी तक्रार वाचून तो थेट प्रिंटर बंद-चालू करायला सांगतो, आणि आज अडलेले असते भलतेच.

चांगले उत्तर साधारण असे असते : ‘नमस्कार. परवासारखी प्रिंट अर्धीच येतेय का, की आज दुसरं काही अडलंय? स्क्रीनचा फोटो टाकला तरी चालेल.’ यात अंदाज आहे, पण तो प्रश्न म्हणून विचारलाय, आणि ग्राहकाला फारसे टाइप करावे लागत नाही.

मग परीक्षक म्हणतो, ‘दुपार झाली, उत्तर नाही.’ इथे खरी चाचणी. तक्रार ‘सुटली’ म्हणून बंद करणारा बाद, कारण काहीच सुटलेले नाही. जाणता उमेदवार फोन लावतो. सपोर्टच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या, व्यवसायासाठीच्या व्हॉट्सॲपवर ग्राहकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तासच मोकळेपणाने लिहिता येते, पुढे आधी मंजूर केलेला ठरावीक मजकूरच पाठवता येतो. ‘उद्या संध्याकाळी बघू’ म्हणणारा तिथे अडकतो.

‘एवढंच का लिहितात लोक?’ असे वैतागणाऱ्या उमेदवाराकडेही लक्ष ठेवावे. आपल्याकडे हाक मारून थांबायचे, समोरच्याने ‘बोला’ म्हटल्यावर कामाचे काढायचे, ही रीतच आहे. अडत्या दुकानाच्या दारात वागतो तसाच चॅटवर वागतो.

निवांत बसून एका ‘सर’ला नीट उत्तर देणे सोपे असते, ही या प्रश्नाची मर्यादा. म्हणून काही परीक्षक तो सुरुवातीला दाखवत नाहीत. उमेदवार दुसऱ्या तक्रारीचे उत्तर लिहीत असताना मध्येच पाठवतात. मघाशी तोंडी सगळे बरोबर सांगितलेले उमेदवारही तेव्हा ‘बोला सर’ लिहून मोकळे होतात.