एकच शब्द, दोन अर्थ. एकच अक्षर, दोन शब्द: चुलतबहिणीचा उर्दू निरोप मराठीत आणताना

आमच्या रत्नागिरीच्या घरात मी मराठी शाळेत शिकलो आणि भिवंडीला वाढलेली माझी चुलतबहीण उर्दू माध्यमात शिकली. उर्दू लिपी मी मागाहून शिकलो, त्यामुळे तिचे निरोप वडिलांना मराठीत करून देण्याचे काम माझ्याकडे असते. या कामात दोन प्रकारच्या चुका होतात. वरवर त्या सारख्याच वाटतात, पण त्यांची मुळे वेगळी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. तिचा एक छोटा निरोप घेऊन हे दाखवतो. तो देवनागरीत लिहिला तर असा होतो: ‘कल बेटे के उस्ताद से मुलाक़ात हुई। तालीम में उस की मेहनत देख कर वह हैरान थे, मगर तक़रीर के मुक़ाबले में उसे शिकस्त हुई। मैं ने एक क़लम उन की नज़्र किया।’

पहिली चूक शब्दांच्या ओळखीतून होते. या निरोपातले उस्ताद, मुलाक़ात, तालीम, मेहनत, हैरान, शिकस्त हे सगळे शब्द मराठीला परिचयाचे आहेत. ते जसेच्या तसे ठेवले, तर मुलगा वस्तादांच्या तालमीत मेहनत करणारा पैलवान होतो आणि त्याच्या मेहनतीने वस्ताद हैराण होतात. प्रत्यक्षात हा मुलगा शाळेत शिकतो आणि तालीम म्हणजे येथे शिक्षण. मूळ अरबी शब्दाचा अर्थही शिकवणे हाच आहे. मराठीत मात्र तो कुस्तीच्या आखाड्यात आणि नाटकाच्या सरावात स्थिरावला. उर्दूतला हैरान माणूस चकित झालेला असतो, मराठीतला हैराण माणूस त्रासलेला असतो. मुलाक़ात ही साधी भेट आहे, तर मराठीत मुलाखत म्हटले की प्रश्न विचारणारा समोर येतो. सर्वांत फसवा शब्द शिकस्त. फारसीत मोडणे या क्रियेतून तो आला. उर्दूने त्यातून पराभव घेतला, तर मराठीने मोडेपर्यंत केलेला प्रयत्न घेतला. म्हणून ‘शिकस्त हुई’ वाचताच मराठी मनाला मुलाने शर्थ केली असे वाटते, आणि तो हरला ही बातमीच हरवते.

दुसरी चूक शब्दाच्या अर्थाशी नव्हे, तर तो वाचण्याशी संबंधित आहे. उर्दूत ऱ्हस्व स्वरांची चिन्हे, म्हणजे ज़ेर, ज़बर आणि पेश, रोजच्या लिखाणात बहुधा देत नाहीत. त्यामुळे अलिफ आणि नून एवढीच अक्षरे ‘उन’ही असतात आणि ‘इन’ही, काफ, ये, अलिफ यांतून ‘किया’ही वाचता येते आणि ‘क्या’ही. निरोपाचे शेवटचे वाक्य वाचताना मी प्रथम ‘क्या’ वाचले आणि बहीण काही विचारते आहे असे समजलो. ‘मैं ने’ या शब्दांवर परत आलो तेव्हा चूक कळली, कारण ‘ने’ नंतर भूतकाळाचे क्रियापद यायला हवे. ‘कल’ हा शब्दही असाच सुटतो, फरक इतकाच की तिथे लिपीचा दोष नाही: काल आणि उद्या या दोन्हींना उर्दूत एकच शब्द आहे, आणि येथे ‘हुई’मुळे तो काल ठरतो.

आपली देवनागरी स्वर चोख दाखवते, पण व्यंजनांच्या बाबतीत हा हिशोब उलटा फिरतो. उर्दूत ज़ हा एकच उच्चार चार अक्षरांनी लिहितात: ज़ाल, ज़े, ज़ुआद आणि ज़ोय. पाहण्याची नज़र ज़ोयने लिहितात, भेट म्हणून अर्पण करण्याची नज़्र ज़ालने. मराठीत नजर आणि नजराणा एका घरातले वाटतात; उर्दू अक्षरे मात्र त्यांची मुळे वेगळी असल्याचे दाखवतात. म्हणूनच आधी संपूर्ण निरोप देवनागरीत उतरवून मग भाषांतर करण्याची सवय मी सोडली. देवनागरीत जाताच ज़ाल आणि ज़ोय दोन्हींचा ज होतो आणि हा पुरावा पुसला जातो. स्वरांसाठी मी वाक्याकडे पाहतो, व्यंजनांसाठी मूळ अक्षराकडे.

‘क़लम’ वाचायला मला अडचण आली नाही, पण लिहिताना हात थांबला. आमच्या वडिलांना ‘एक कलम भेट दिले’ असे वाचून दाखवले असते, तर त्यांनी हापूसचेच कलम धरले असते आणि भिवंडीत ते लावणार कुठे, असा प्रश्न विचारला असता. तेथे पेन हाच शब्द योग्य. आणखी एक निवड मराठीने माझ्यावर लादली: उर्दूतल्या ‘उसे’ या शब्दावरून मुलगा की मुलगी हे कळत नाही, मराठीत ‘तो’ किंवा ‘ती’ लिहावेच लागते, आणि ते ‘बेटे’ या शब्दावरून ठरले.

वडिलांच्या हातात गेलेला कागद असा होता: ‘काल मुलाच्या शिक्षकांना भेटले. अभ्यासातली त्याची मेहनत पाहून ते थक्क झाले होते, पण वक्तृत्व स्पर्धेत तो हरला. मी त्यांना एक पेन भेट दिले.’