लघवी तुंबते तेव्हा: चांदीच्या नळीपासून फुग्याच्या कॅथेटरपर्यंत

ऑक्टोबर १६०१ मध्ये प्रागला एका सरदाराच्या घरी मेजवानी होती. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे लघवी लागली असूनही यजमानाचा मान राखायचा म्हणून पानावरून उठला नाही. घरी आल्यावर लघवी होईना. पाच रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मग कळा सोसत जेमतेम होऊ लागली, पुढे ताप चढला, भ्रम झाला आणि अकराव्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, तो गेला. वय ५४. ही हकिकत त्याचा सहकारी केप्लर याने लिहून ठेवली आहे. १९०१ मध्ये थडगे उघडून पाहिले, तर मुतखडा मिळाला नाही. २०१० नंतरच्या तपासण्यांत पाऱ्याने विषबाधा झाल्याचा संशयही फिटला. प्रोस्टेट वाढलेली असावी हा तर्क उरतो. तो सिद्ध झालेला नाही, पण आजार ज्या क्रमाने वाढला त्याला तो जुळतो.

निरोगी माणसाने लघवी रोखली म्हणून ती सहसा बंद पडत नाही. वाट आधीच अरुंद झालेली असेल तर मात्र पडू शकते. प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनलिकेभोवती असते आणि पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांत वाढत जाते. मूत्राशय जोर लावून काम भागवत राहते. एक दिवस ते प्रमाणाबाहेर ताणले जाते आणि त्याच्या स्नायूला आकुंचनच पावता येत नाही. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या, म्हणजे लघवी अडण्याच्या, प्रकारांमध्ये ‘वाताष्ठीला’ सांगितली आहे: मलमार्ग आणि बस्ती म्हणजे मूत्राशय यांच्यामध्ये उठणारी घट्ट, न हलणारी गाठ, जी लघवी अडवते. प्रोस्टेटची जागा नेमकी तीच.

मूत्राशयात नळी, म्हणजे कॅथेटर, घालण्याचा उपायही जुनाच. पॉम्पेईच्या अवशेषांत इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या कांस्याच्या नळ्या मिळाल्या. पुढे चांदीच्या आल्या, पण ताठ धातू आत सरकवताना मूत्रनलिका फाटायची. १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने मुतखड्याने बेजार झालेल्या भावासाठी लवचिक चांदीची नळी करवून घेतली. १८६०च्या सुमारास फ्रेंच शल्यविशारद नेलाटोंने मऊ रबराची नळी आणली. ती इजा कमी करायची, पण वाढलेल्या प्रोस्टेटपाशी दुमडायची. त्यावरचा तोडगा फ्रेंच डॉक्टर मर्सिएने १८३६ मध्येच काढला होता: टोकाला वर वाकलेली नळी. अडलेल्या रुग्णात आजही तीच कामी येते.

यातली एकही नळी आपोआप आत टिकत नव्हती. दोऱ्याने किंवा पट्टीने बांधावी लागे. अमेरिकेतल्या फ्रेडरिक फोलीने १९२९च्या सुमारास टोकाशी फुगा असलेली नळी वापरली, तीही प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव दाबून धरण्यासाठी. नळी जागेवर ठेवण्याचे काम तो फुगा इतके चांगले करू लागला की आज कॅथेटर म्हटले की तोच समोर येतो.

आजचा नेहमीचा रुग्ण असा: सत्तरीचे गृहस्थ, रात्री तीनचारदा उठणारे, धार बारीक झालेली. सर्दीसाठी दुकानातून गोळी घेतात. तिच्यातले स्यूडोएफेड्रिन मूत्राशयाचे तोंड आवळते आणि अँटिहिस्टॅमिन स्नायू ढिला करते. पहाटेपर्यंत ओटीपोट टम्म, वेदना असह्य, लघवीचा थेंब नाही. अशा वेळी लघवी सुटावी म्हणून आणखी पाणी पाजतात. त्याने फुगलेले मूत्राशय अधिकच ताणले जाते. दवाखान्यात बधिर करणारी जेली आत सोडून काही मिनिटे थांबतात आणि मग १४ किंवा १६ नंबरची नळी घालतात. लघवी वाहू लागल्याशिवाय फुगा फुगवायचा नाही, कारण तो मूत्रनलिकेतच फुगला तर ती फाटते. नळी जातच नसेल तर जोर न लावता ओटीपोटातून सुई किंवा नळी घालून मूत्राशय मोकळे करतात. ८०० मिलिलिटर निघाले की रुग्ण तिथेच सुटकेचा श्वास सोडतो. बऱ्याच दिवसांपासून तुंबत आलेले असेल तर नंतर मूत्रपिंडे लघवीचा पूर सोडू शकतात. ती दोन तास सलग तासाला २०० मिलिलिटरच्या वर जात असेल तर क्षार आणि रक्तदाब पाहत राहावे लागते.

बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, मूत्रनलिकेचे आकुंचन, शस्त्रक्रियेची भूल ही इतर कारणे. पाय लुळे पडणे किंवा बसण्याची जागा बधिर होणे सोबत असेल तर कारण कण्यात असू शकते. तिथे नळी घालून थांबता येत नाही, तातडीने एमआरआय लागतो.

पूर्वी लघवी एकदा तुंबली की बहुतेकदा लगेच शस्त्रक्रिया सुचवत. आता मूत्राशयाचे तोंड सैल करणारे अल्फुझोसिन किंवा टॅमसुलोसिन हे औषध सुरू करून दोनतीन दिवसांनी नळी काढून पाहतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अल्फुझोसिन घेतलेल्या शंभरांपैकी ६२ जणांना नळी काढल्यावर लघवी झाली, नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांपैकी ४८ जणांना. पहिल्या वेळी लिटरभराहून जास्त निघाले असेल तर ही शक्यता घटते, आणि अशांना दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडून काढण्याचा सल्ला लवकर दिला जातो.