शाळेच्या नव्या संकेतस्थळाचे परिपत्रक

शाळेने स्वतःचे संकेतस्थळ सुरू केल्यावर ते कसे वापरायचे हे सांगण्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीने पालकांना पाठवला जाणारा कागद. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत सही प्राचार्यांची असते आणि कागदाला ‘सर्क्युलर’ म्हणतात. शाळेच्या इतर परिपत्रकांपेक्षा हे वेगळे पडते. सहलीचे किंवा पालकसभेचे परिपत्रक वाचून झाले की त्याचे काम संपते. हे मात्र हातात धरून दुसरीकडे, बहुधा मोबाइलवर, काही टंकायचे असते. त्यामुळे त्यातली एका अक्षराची चूकही शाळेच्या कार्यालयासमोर रांग लावते.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत त्याचा साचा ठरलेला आहे. वर शाळेचे नाव व यु-डायस क्रमांक, डावीकडे जावक क्रमांक, उजवीकडे दिनांक, मध्ये विषय, आणि मग ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की’. खाली तुटक रेघ व त्याखाली पालकांच्या सहीची चिठ्ठी, जी फाडून वर्गशिक्षकांकडे परत द्यायची असते. पूर्वी शिपाई सूचनावही घेऊन वर्गावर्गात जाई आणि मुले फळ्यावरचा मजकूर दैनंदिनीत उतरवून घेत. संकेतस्थळाच्या बाबतीत ती पद्धत चालत नाही, कारण सहावीतल्या मुलाने उतरवलेल्या पत्त्यात एखादे टिंब हमखास गळते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हापासून बहुतेक परिपत्रके वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येऊ लागली, पण ती सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो म्हणून. फोटोतल्या पत्त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. म्हणून पत्ता कागदावर छापावा आणि गटावर तो वेगळ्या संदेशात, टंकलेला पाठवावा, असे दोन्ही करावे लागते.

पत्ता

पत्ता रोमन लिपीत असतो आणि शाळेचे नाव मराठीत. अडचण इथून सुरू होते. नावात ‘ज्ञान’ असेल तर मराठी माणूस `dnyan` लिहितो, हिंदीच्या वळणाने `gyan` होते आणि संस्कृत पुस्तकांच्या सवयीने `jnan`. ‘विद्यालय’ कोणी `vidyalaya` लिहितो, कोणी `vidyalay`. ‘शाळा’ `shala` की `shaala` हेही प्रत्येकाचे वेगळे. पालक कागद बाजूला ठेवून आठवणीने पत्ता टंकतात आणि दुसऱ्याच गावच्या शाळेच्या पानावर पोहोचतात. म्हणून चांगल्या परिपत्रकात पत्ता स्वतंत्र ओळीत, मोठ्या ठशात असतो, त्यातल्या आडव्या रेघेचा उल्लेख शब्दांत केलेला असतो आणि शेजारी क्यूआर कोड असतो. पत्ता शोधयंत्राच्या चौकटीत न टाकता वरच्या पत्त्याच्या पट्टीत टाकावा, हेही सांगावे लागते. शोधयंत्रात नाव टाकले की शाळांची माहिती विकणारी पाने आधी दिसतात, त्यांत जुने फोन नंबर असतात आणि पालक तेच शाळेचे पान समजतात.

पत्त्याची शेपटीही काही सांगते. `.edu.in` आणि `.ac.in` हे शेवट भारतात अर्नेट इंडिया ही संस्था शिक्षणसंस्थांना कागदपत्रे पाहून देते. `.com` किंवा `.in` कोणालाही विकत मिळतात. शाळेचा पत्ता `.edu.in` असेल तर ते परिपत्रकात एका वाक्याने नोंदवणे उपयोगी ठरते, कारण पुढे कधी फसवा दुवा आलाच तर पालकाला शेपटीवरून शंका घेता येते.

पत्ता बरोबर टंकूनही पान वाचता येत नाही, असे एक जुने दुखणे आहे. शाळेचे लिपिक वर्षानुवर्षे श्रीलिपी किंवा कृतिदेव टंकांत काम करत आले. त्या टंकांत संगणकाच्या आत रोमन अक्षरेच असतात, फक्त ती देवनागरीसारखी काढून दाखवली जातात. कृतिदेवात टंकलेला ‘भारत’ तसाच उचलून संकेतस्थळावर चिकटवला की पालकांना `Hkkjr` दिसते. शाळेच्या संगणकावर मात्र तो टंक बसवलेला असल्याने मूळ फाइल नीट दिसत राहते आणि तक्रार खोटी वाटते. खूण सोपी: मजकूर मोबाइलवर दुसऱ्याला पाठवून पाहायचा. तिथे गचाळ अक्षरे आली तर तो युनिकोडमध्ये बदलून मगच चढवायचा.

पालकाचा प्रवेश

सुट्ट्यांची यादी, वेळापत्रक, गणवेशाचे नियम ही पाने सर्वांना खुली असतात. हजेरी, प्रगतिपत्रक, शुल्काची बाकी यांसाठी पालकाला वापरनाव आणि सांकेतिक शब्द टाकून आत जावे लागते. परिपत्रकाचा खरा कस इथे लागतो.

एका मुलाला शाळेत किती क्रमांक असतात, हे पालकांना एकदम कळत नाही. हजेरीपटावरचा क्रमांक दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक, ज्याला सगळे ‘जीआर नंबर’ म्हणतात, शाळा सोडेपर्यंत तोच राहतो. राज्याच्या ‘सरल’ प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक १९ अंकी आणि केंद्राच्या ‘अपार’ ओळखपत्राचा १२ अंकी. परिपत्रकात नुसते ‘विद्यार्थी क्रमांक टाकावा’ असे लिहिले की अर्धा वर्ग हजेरी क्रमांक टाकतो. नेमके लिहिलेले परिपत्रक असे असते:

> वापरनाव : पाल्याचा जीआर क्रमांक. हा प्रगतिपत्रकाच्या पहिल्या पानावर आहे.
> सांकेतिक शब्द (फक्त पहिल्या वेळेसाठी) : शाळेच्या नोंदीतील जन्मतारीख, मध्ये रेघ किंवा जागा न सोडता आठ अंकांत.
> उदा. जीआर क्रमांक `4127`, जन्म १४ ऑगस्ट २०१३ असल्यास `14082013`.

उदाहरणातले अंक मुद्दाम इंग्रजी ठेवले आहेत. मराठी परिपत्रकात लिपिक सवयीने ‘१४०८२०१३’ छापतो. पालकाच्या मोबाइलवर मराठी कळफलक चालू असेल आणि त्यातून देवनागरी अंक उमटले, तर डोळ्यांना सगळे बरोबर दिसते. संगणकाच्या दृष्टीने ‘१’ आणि `1` ही दोन वेगळी अक्षरे आहेत, आणि बहुतेक प्रणाली त्यातले देवनागरी ‘१’ नाकारतात. त्यातून सांकेतिक शब्द ठिपक्यांआड झाकलेला असल्याने आपण काय टंकले हे पालकाला दिसतही नाही. ‘पासवर्ड चुकीचा दाखवतो’ या तक्रारीत पहिला प्रश्न कळफलक कोणता, हा विचारावा. चौकटीच्या टोकाला असलेले डोळ्याचे चिन्ह दाबले की अंक उघडे दिसतात आणि शंका मिटते.

दुसरे कारण जन्मतारखेचेच. पालकाच्या मनातली तारीख आणि रजिस्टरातली तारीख एक असेलच असे नाही. आपल्याकडे पूर्वी प्रवेशाच्या वेळी गुरुजी १ जून लिहून टाकत. जन्मदाखला मागू लागल्यापासून हे बरेच थांबले, तरी दाखला आणि रजिस्टर यांतली तफावत पूर्णपणे गेलेली नाही. म्हणून ‘शाळेच्या नोंदीतील’ हे दोन शब्द परिपत्रकात हवेतच. संकेतस्थळ उघडण्याच्या निमित्ताने अशी चूक सापडली तर ती आनंदाची गोष्ट मानावी, कारण दहावीच्या प्रमाणपत्रावर तीच तारीख जाणार असते.

जन्मतारीख हा सांकेतिक शब्द किती तकलादू आहे, हे मात्र फार थोडी परिपत्रके सांगतात. एका वर्गातली बहुतेक मुले साधारण एकाच वर्षात जन्मलेली असतात, म्हणजे अंदाज करायला फार तर ३६६ तारखा. एका प्रयत्नाला दहा सेकंद धरले तर तासाभरात सगळ्या संपतात. जीआर क्रमांक प्रवेशाच्या क्रमाने दिलेला असल्याने तोही ओळखता येतो. आणि वर्गातल्या मुलांना तर एवढेही करावे लागत नाही: वाढदिवसाला चॉकलेट वाटले की तारीख सगळ्यांना पाठ. दुसऱ्याचे गुण आधीच पाहून येणे हा मुलांना खेळ वाटतो. म्हणून पहिल्या प्रवेशातच प्रणालीने नवा सांकेतिक शब्द मागितला पाहिजे आणि ठरावीक चुकांनंतर खाते काही वेळ बंद केले पाहिजे. परिपत्रकात त्यासाठी मुदत द्यावी: अमुक तारखेपर्यंत जो बदलणार नाही त्याचा प्रवेश थांबेल आणि त्याला कार्यालयात यावे लागेल. सौम्य विनंती केली तर फारसे कोणी बदलत नाही.

बदलताना ओटीपी येतो तो शाळेत नोंदवलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर बहुधा वडिलांचा असतो. परिपत्रक घेऊन घरी बसलेली असते आई, वडील कामावर, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची. काही शाळा आता फाडून द्यायच्या चिठ्ठीतच आई आणि वडील असे दोन नंबर मागतात. नंबर बदललेल्या पालकांचा प्रश्नही त्याच चिठ्ठीत सुटतो. दोन भावंडे एकाच शाळेत असतील तर दोन्ही जीआर क्रमांक एका खात्याला जोडता येतात का, हे आधी विचारून लिहावे. नाही तर पालक एका मुलाच्या खात्यातून दुसऱ्याची फी भरतात.

शुल्क

संकेतस्थळावरून फी भरता येत असेल तर परिपत्रकात एक प्रसंग सविस्तर हवा: खात्यातून रक्कम गेली, पण पावती आली नाही. घाबरलेला पालक लगेच पुन्हा भरतो आणि दोनदा फी जाते. तसे न करता व्यवहाराचा यूटीआर क्रमांक टिपून ठेवावा, यूपीआयमध्ये तो १२ अंकी असतो, आणि दुसऱ्या दिवशी पावती पुन्हा पाहावी. पैसे शाळेपर्यंत पोहोचलेच नसतील तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, यूपीआयने व्यापारी खात्याला केलेल्या अशा व्यवहाराची रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ती बँकेकडून मिळायची असते, शाळेच्या लिपिकाकडून नव्हे. ‘शाळा कोणाच्याही वैयक्तिक नंबरवर फी मागणार नाही’ हे वाक्य ठळक छापण्याचीही पद्धत पडली आहे.

संमतीची चिठ्ठी

फाडून परत द्यायच्या तुकड्यावर पूर्वी फक्त ‘परिपत्रक वाचले’ आणि सही असे. संकेतस्थळावर मुलांची नावे, फोटो, स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती चढू लागल्या तसा त्या तुकड्याचा अर्थ बदलला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती वापरण्यास पालकाची पडताळता येण्याजोगी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती काही सवलत आहे, पण खुल्या पानावर बक्षीस घेणाऱ्या मुलीचा नावासकट फोटो लावणे हे त्या कामात मोडते असे धरून चालू नये.

म्हणून चिठ्ठीवर दोन वेगळ्या चौकटी असाव्यात. एक, परिपत्रक मिळाल्याची. दुसरी, खुल्या पानावर पाल्याचा फोटो व नाव देण्यास होकार की नकार. दोन्हींना मिळून एकच सही घेतली की नकार देणाऱ्याला सहीच करता येत नाही आणि वर्गशिक्षक रोज मुलाला चिठ्ठीची आठवण करत राहतात. जमा झालेल्या चिठ्ठ्या वर्गवार बांधून, परिपत्रकाच्या कार्यालयीन प्रतीसोबत, त्याच जावक क्रमांकाखाली ठेवतात. ज्यांचा नकार आला त्यांची यादी फोटो चढवणाऱ्या शिक्षकाकडे द्यावी लागते, आणि प्रत्यक्षात नेमकी हीच यादी देण्याचे राहून जाते.